इस्त्री नसलेल्या खोलीत

पुण्याहून निघालेली एसटी शिरूरला घोडनदी ओलांडते आणि थोड्याच वेळात पारनेर तालुक्यातले सुपा येते. (बारामती तालुक्यातले सुपे ते वेगळे.) डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, रस्त्यालगत औद्योगिक वसाहतीचे फाटे लागतात. इथे उतरणाऱ्यांमध्ये पाठीवर बॅग अडकवलेली माणसे बरीच असतात. कुणी यंत्र बसवायला आलेला, कुणी तपासणीला, कुणी मुलाखतीला. रात्र हमरस्त्यावरच्या लॉजमध्ये काढायची आणि सकाळी नीटनेटके होऊन कंपनीच्या गेटवर उभे राहायचे. खोलीत पलंग, पंखा, बादली आणि आरसा असतो. इस्त्री बहुधा नसते. बॅगेतून काढलेल्या शर्टाचा मात्र बोळा झालेला असतो.

समजा, मे महिन्यात डिप्लोमा झालेला एक मुलगा चिपळूणहून निघून पुणेमार्गे संध्याकाळी सुप्याला पोचला. सकाळी दहाला मुलाखत. बॅगेत पांढरा सुती शर्ट आणि टेरिकॉटची पँट. घरून निघताना शर्ट परीटघडीचा होता. आता पाठीवर आडवी खोल घडी पडली आहे, बाह्यांवर बारीक चुण्या आहेत आणि कॉलरचे एक टोक दुमडले आहे. त्याच्या हाताशी बारा-चौदा तास आहेत. तेवढ्यात इस्त्रीशिवाय हा शर्ट घालण्याजोगा होतो. त्यासाठी सुरकुती म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

सुती कापड सेल्युलोजचे असते. सेल्युलोजच्या लांब लांब साखळ्या एकमेकींशी हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात. एकेक बंध नाजूक, पण संख्येने असंख्य, म्हणून कापूस आपला आकार धरून ठेवतो. पाणी या बंधांच्या मधे शिरते. मग साखळ्यांची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या थोड्या सरकू शकतात. अशा सैल अवस्थेत कापड दुमडून दाबले, की साखळ्या वाकलेल्या जागी सरकतात. पाणी उडून गेले, की तिथेच नवे बंध जुळतात आणि घडी पक्की होते. घामाने ओलसर झालेली शर्टाची पाठ एसटीच्या सीटवर चार तास दाबली जाते आणि खिडकीच्या वाऱ्याने वाळते, तेव्हा हेच घडते. इस्त्रीवालाही हेच करतो: पाणी शिंपडतो, दाबतो, वाळवतो. फरक इतकाच, की तो कापड सपाट धरून वाळवतो आणि सीट ते चुरगळून वाळवते.

म्हणजे सुती कपड्याच्या बाबतीत मुख्य काम पाण्याचे आहे. उष्णता ते लवकर उरकते, एवढेच. कापूस ओला करा, ताणलेल्या स्थितीत ठेवा आणि त्याच स्थितीत पूर्ण वाळू द्या, एवढे जमले तर निखाऱ्याची किंवा विजेची गरज उरत नाही. ‘कपडे बाथरूममध्ये टांगा’ हा सल्ला सगळेच देतात, पण ओलावा, ताण आणि वाळणे या तिन्हींपैकी एक जरी राहिले तरी तो फसतो.

इथे सुप्याची हवा मधे येते. हा पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. मे महिन्यातल्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते. चिपळूणला त्याच दिवसांत अंगाला घामाची चिकचिक असते. कापूस हवेतला ओलावा आपणहून घेतो आणि सोडतोही. कोकणच्या दमट हवेत २०० ग्रॅम वजनाच्या शर्टात पंधरा-अठरा ग्रॅम पाणी असू शकते, तर सुप्याच्या कोरड्या दुपारी सात-आठ ग्रॅमच उरते. फरक दोन चमचे पाण्याचा, पण त्याने बरेच बिघडते. मुलाने शर्ट दमट हवेत बॅगेत दाबून भरला आणि कोरड्या हवेत उघडला. घडी पडताना कापड सैल होते, उघडताना ते वाळून घट्ट झाले.

म्हणूनच रत्नागिरीत किंवा पावसाळ्यातल्या मुंबईत जो शर्ट रात्रभर नुसता टांगल्याने बराच सुधारतो, तो मे महिन्यात सुप्याला टांगला तर सकाळी जवळजवळ तसाच मिळतो. कोरड्या गावात ओलावा आपण द्यावा लागतो.

पहिले काम खोलीत शिरल्याबरोबर करायचे. शर्ट बॅगेतून काढायचा, दोन्ही खांद्यांना धरून तीन-चार वेळा जोरात झटकायचा आणि रुंद खांद्याच्या हँगरवर टांगायचा. तारेचाच हँगर असेल तर त्यावर टॉवेल गुंडाळून घ्यावा, नाहीतर ओल्या कापडाला खांद्यावर टोके येतात. वरचे बटण आणि मधले एखादे बटण लावले, की पुढची पट्टी सरळ राहते.

मग वाफ. लॉजच्या न्हाणीघरात शॉवर असेलच असे नाही, बादली असते. छपरावर सोलर असेल तर उन्हाळ्याच्या संध्याकाळी पाणी चांगले कढत मिळते. न्हाणीघर साधारण पाच फूट बाय चार फूट, उंची आठ फूट, म्हणजे साडेचार घनमीटर हवा. ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त चाळीस ग्रॅम वाफ मावते. खोली पूर्ण दमट झाली तरी हवेत जेमतेम १८० ग्रॅम पाणी असेल, आणि शर्ट त्यातले फार तर पंधरा-वीस ग्रॅम घेईल. एवढ्याने बाह्यांवरच्या बारीक चुण्या निघतात. पाठीवरची दाबून बसलेली घडी त्याने निघत नाही, ती फक्त थोडी मऊ पडते. वाफेकडून किती अपेक्षा करायची, हे या हिशोबावरून कळते.

बादलीभर कढत पाणी ओतून दार-खिडकी लावायची, शर्ट भिंतीला चिकटणार नाही असा मधोमध टांगायचा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. आंघोळ त्याच वेळी उरकून घेतली तर उत्तम, पाणी वाया जात नाही. पारनेरसारख्या सतत टंचाई सोसणाऱ्या तालुक्यात शर्टासाठी वेगळी बादली ओतणे योग्यही नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर वाफ कोंडण्यासाठी दार-खिडकी मुळीच बंद करू नये. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास, आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. बादलीत हीटरचा रॉड सोडून त्यावर कपडा टांगण्याचा उद्योगही करू नये. ओला कपडा खाली सरकला, की शॉक बसू शकतो. अशा खोलीत वाफेचा नाद सोडून सरळ पाण्याच्या फवाऱ्याकडे वळावे. खरे तर सुती कपड्याला फवाराच जास्त उपयोगी.

जुने परीट तोंडात पाणी धरून कपड्यावर फुर्रकन फवारा मारत, कपडा गुंडाळून थोडा वेळ बाजूला ठेवत आणि मग इस्त्री फिरवत. गुंडाळून ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. शिंपडलेले पाणी आधी थेंबाथेंबाने वर बसते. ते धाग्याच्या आत समान मुरायला वेळ लागतो. प्रवासात हेच काम ओल्या पंचाने होते. पंचा भिजवून घट्ट पिळायचा, पलंगावर पसरायचा, त्यावर शर्ट हाताने सारखा करून ठेवायचा आणि दोन्ही एकत्र सैल गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवायचे. शर्ट सगळीकडे सारखा दमट होतो. फवाऱ्याची बाटली असेल तर वीतभर अंतरावरून बारीक तुषार मारावेत. कापड किंचित गडद दिसले आणि हाताला गार लागले, की पुरे. पाणी टपकू लागले तर जास्त झाले. खोल घडीवर मात्र दोनदा फवारावे, बाकी ठिकाणी एकदा.

पाणी कोणते घ्यायचे, हेही पाहावे. या भागात बोअरचे पाणी क्षारांचे असते. गडद निळ्या किंवा काळ्या कपड्यावर ते वाळले, की पांढुरके डाग राहतात. प्यायच्या बाटलीतले पाणी वापरावे. एका कपड्याला अर्धी वाटीही लागत नाही. त्या बाटलीत कपड्यांच्या कंडिशनरचे चार-पाच थेंब टाकले तर धागे एकमेकांवरून सहज सरकतात आणि ओढल्यावर चुणी लवकर सुटते.

आता ओढायचे. बहुतेकांचे चुकते ते इथेच, कारण कपडा ओला करून टांगला, की काम झाले असे वाटते. ओल्या कापडाला त्याच वेळी ताण मिळाला नाही तर ते चुण्यांसकट वाळते. हँगरवरच्या शर्टाची खालची किनार दोन्ही हातांनी धरून सरळ खाली ओढायची, मोजून दहापर्यंत धरून ठेवायची. मग बटणपट्टी वरून खाली, बोटांच्या चिमटीत धरून. मग बाजूच्या शिवणी, मग बाही, कफ धरून. आडवी घडी असेल तर तिच्या वर आणि खाली एकेक हात ठेवून ती उघडायची. ओढायचे ते उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने. तिरके ओढले तर कापड झोळ खाते आणि तो झोळ परत बसवायला वेळ जातो. शेवटी तळहात कोरडा करून पाठीवरून आणि पुढच्या पट्टीवरून दाबत फिरवायचा.

पँट उलटी टांगायची. मोहऱ्या चिमट्यात पकडल्या, की कमरेकडचा जड भाग खाली येतो आणि स्वतःच्या वजनाने पायाला ताण देतो. खिशात काही राहिलेले नसावे. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असते आणि पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याचे धागे पाण्याने सैल होत नाहीत, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे उष्णता लागते, आणि एवढी उष्णता न्हाणीघराच्या वाफेत नसते. म्हणून पॉलिस्टरच्या कपड्यावर पाणी मारून फार काही होत नाही. पण तो मुळात कमी चुरगळतो. फिरतीच्या नोकरीतल्या माणसांनी टेरिकॉट वर्षानुवर्षे का वापरले, याचे उत्तर त्यातच आहे.

कॉलर आणि कफ उरले. तिथे कापडाचे दोन-तीन थर असतात आणि नुसत्या ओढण्याने ते सपाट होत नाहीत. आपल्या घरांत वीज येण्याआधी पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करत. तांब्याला जाड फडके गुंडाळून धरायचे आणि त्याचा गरम तळ कपड्यावर फिरवायचा. लॉजवर निखारे नसले तरी खाली चहाची टपरी असते. जाड बुडाच्या स्टीलच्या पेल्यात उकळते पाणी निम्म्यापर्यंत घ्यावे, पेला रुमालाने धरावा, कॉलर कडक पुठ्ठ्यावर किंवा वहीवर पसरून दमट करावी आणि पेल्याचे बूड टोकाकडून मधे असे दाबत न्यावे. तळ कोरडा आणि स्वच्छ आहे ना, हे आधी पुसून पाहावे. नव्वद अंशांच्या आसपासचे ते बूड कापूस जाळत नाही आणि कॉलर मात्र बसवते. दोन मिनिटांनी पाणी निवते, तेव्हा एका पेल्यात कॉलर आणि एखादा कफ एवढेच होते. थर्मासची बाटली उपयोगाची नाही. तिच्या दुहेरी भिंतीमुळे बाहेरचे बूड गारच राहते. पेला काठोकाठ भरला तर हात भाजतो, हेही ध्यानात असू द्यावे.

मग वाळवणे, आणि इथे सुप्याची तीच कोरडी हवा मदतीला येते. ज्या गावात हवेने शर्टातला ओलावा काढून घेऊन घडी पक्की केली, तिथेच ताणलेला शर्ट तासाभरात वाळतो आणि सपाटपणा पक्का होतो. शर्ट पंख्याखाली, चारही बाजूंनी वारा लागेल असा टांगावा. बाहेर गॅलरीत टांगायचा तर महामार्गावरची धूळ पांढऱ्या कापडावर बसते, म्हणून खोलीतच बरा. वाळला की नाही, ते तळहाताने कळत नाही. हाताच्या मागच्या बाजूने किंवा गालाने पाहावे. बटणपट्टी, कॉलरचा जोड आणि खालची दुमड सर्वांत शेवटी वाळतात. तिथे गारवा लागला, की अजून पाणी आहे. थोडा दमट शर्ट ‘अंगावर वाळेल’ म्हणून घातला, तर कोपराशी आणि काखेत नव्या चुण्या त्याच तासात पक्क्या होतात, आणि पहिल्यापेक्षा खोल.

त्या मुलाने हे सगळे रात्री आठला सुरू केले तर दहापर्यंत शर्ट वाळलेला असेल. रात्री करण्याचा फायदा हा, की पाठीवरची घडी पुरती निघाली नसेल तर सकाळी सहाला पुन्हा तेवढ्याच भागावर फवारा मारून ओढायला वेळ असतो. सकाळी नवाला सुरू केले तर तो वेळ नसतो. पँटचे पाय त्याने टांगून सरळ झाल्यावर शिवणीला शिवण जुळवून गादीखाली, चादरीच्या घडीत ठेवावेत. वसतिगृहातली मुले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत आणि त्यात तथ्य आहे: रात्रभराचा सारखा दाब. मात्र पँट पूर्ण कोरडी हवी आणि घडी जिथे हवी तिथेच हवी, कारण पँट जशी ठेवाल तशीच गादी घडी पाडते.

हे सारे उपाय घडी पडल्यानंतरचे. ती कमी पडावी म्हणून चिपळूणलाच काय करता आले असते?

सुरकुती किती खोल पडेल, ते कापड किती लहान वळणात वाकले यावर ठरते. सपाट घडी दाबली, की वळणाची त्रिज्या मिलिमीटरपेक्षाही कमी होते आणि बाहेरच्या अंगाचे धागे भलतेच ताणले जातात. तोच शर्ट मुठीएवढ्या जाडीच्या गुंडाळीवर गुंडाळला तर त्रिज्या तीन सेंटीमीटरच्या आसपास येते आणि तो ताण तीसपटीहूनही जास्त घटतो. आपली वळकटी म्हणजे हेच. अंथरुणात धोतर-सदरे गुंडाळून, दोरीने आवळून माणसे काशीपर्यंत जात. आजच्या बॅगेत ती वळकटी अशी करता येते: टॉवेल किंवा बनियनची घट्ट सुरळी मधे ठेवायची, शर्ट उपडा पसरून बाह्या पाठीवर आडव्या आणायच्या आणि खालून वर, कॉलर बाहेर राहील असे त्या सुरळीभोवती गुंडाळायचे. गुंडाळताना प्रत्येक फेऱ्याला हाताने सारखे केले नाही, तर आतच बारीक चुण्या पडतात. गुंडाळलेला शर्ट चुरगळला अशी तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते.

शर्टावर परिटाकडची पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरून मग गुंडाळले, तर थर एकमेकांवरून सरकतात आणि एका जागी अडकून दुमडत नाहीत. बॅग ठासून भरू नये, पण अर्धी रिकामीही ठेवू नये. सामान आत घसरू लागले, की गुंडाळी चेपते. आणि शर्ट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय बॅगेत घालू नये. इस्त्री केल्यावरही कापडात गरम ओल राहते. शर्ट लगेच घडी करून भरला तर इस्त्रीनेच नवी घडी बसवली असे होते. अर्धा तास टांगून मग भरावा. प्रवासासाठी शर्टाला खळही देऊ नये. खळ दिलेले कापड दुमडले, की घडीची पांढरी रेघ उमटते आणि ती मोडायला ओले करावे, तर खळीचा कडकपणाही जातो.

‘इस्त्री नको’ म्हणून विकले जाणारे सुती शर्ट हा वेगळा मार्ग आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला सेल्युलोजच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींना बांधण्याचे काम पुढे नेले. पाण्याने तुटणाऱ्या बंधांऐवजी पाण्याने न तुटणारे दुवे आले, की कापड ओले होऊनही आपल्या मूळ आकाराला परत येते. त्याची किंमत कापूसच मोजतो. असे कापड घाम कमी शोषते आणि घासाला लवकर विरते. मे महिन्यात सुप्याला दिवसभर कारखान्यात उभे राहायचे असेल तर साधा सुती शर्ट आणि रात्रीचा तासभराचा खटाटोप, हाच सौदा बरा.

रेशमाची गोष्ट मात्र संपूर्ण निराळी. लग्नाला सुप्यावरून पुढे जाणाऱ्या बॅगेत पैठणी असेल, तर तिच्यावर पाण्याचा थेंबही मारू नये. रेशमावर पाण्याचा डाग कडेने गडद वाळतो आणि सहजी जात नाही. जरीच्या पदराला कढत वाफ आणि ओढ दोन्ही सोसत नाहीत. ती मलमलच्या कापडात, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, जर आतल्या बाजूला घेऊन गुंडाळून न्यावी आणि पोचल्यावर सावलीत, रुंद दांडीवर, पूर्ण उघडून रात्रभर टांगावी. एवढ्याने न निघालेली घडी तशीच नेसावी.